लांबलेल्या चॅटमध्ये पहिली सूचना जाते कुठे?

मालवणी_वही: आजोबांच्या आठवणींचं शुद्धलेखन मी लॅपटॉपवरच्या एआय मॉडेलकडून तपासून घेतेय. पहिल्याच मेसेजमध्ये बजावलं होतं, संवादातली मालवणी तशीच ठेव. सात पानं नीट झाली. आठव्यावर ‘माका ठाऊक नाय’चं ‘मला ठाऊक नाही’ झालं. सांगितलेलं विसरतं, हा सरळसरळ दोष नाही का?

चिमटा: दोष कसला, धंदा आहे. जुनं वाचायला खर्च येतो, म्हणून कंपन्या गुपचूप कात्री लावतात.

खिळेजुळारी: खर्चाचं खरं आहे. मजकूर दुप्पट झाला की शब्दाशब्दांचे संबंध जोडण्याचं काम साधारण चौपट होतं. पण बाईंच्या लॅपटॉपवर कुठली कंपनी बसलीय?

मुळात मॉडेलला आधीचं काहीच आठवत नसतं. तुम्ही मेसेज पाठवला की प्रोग्राम आख्खं चॅट पहिल्यापासून त्याच्यापुढे ठेवतो आणि ते दर वेळी सगळं नव्याने वाचतं. एका वेळी किती पुढे ठेवता येईल, त्याची हद्द म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडो. तुमच्या सेटिंगमध्ये `num_ctx` किती आहे? आणि पानावर शब्द किती?

मालवणी_वही: 8192. पानाला तीनेकशे शब्द. म्हणजे आठ हजार शब्द मावायला हवेत ना? माझे तर अडीच हजारही झाले नाहीत.

खिळेजुळारी: ते शब्द नाहीत, टोकन आहेत, म्हणजे शब्दांचे तुकडे. शिवाय मॉडेलचं उत्तरही त्याच हद्दीत मोजलं जातं. देवनागरीचे तुकडे बऱ्याच मॉडेलांत बारीक पडतात. ‘नमस्कार’ साठवायलाच 21 बाइट लागतात, ‘hello’ला पाच. शब्दामागे चार टोकन धरू. पान 1200 चं, दुरुस्त होऊन परत आलेलं तेवढंच, म्हणजे पानामागे 2400. तीन पानांचे 7200 झाले. चौथं पान टाकलंत की 8400. हद्द ओलांडली, म्हणून प्रोग्रामने सगळ्यात जुना मेसेज काढून टाकला. तुमची सूचना त्यातच होती.

मालवणी_वही: हिशोब पटला नाही. सूचना चौथ्या पानाला गेली, तर बिघाड आठव्याला का?

खिळेजुळारी: मागची दुरुस्त पानं समोर होती, त्यांत ‘माका’ तसंच राहिलेलं दिसत होतं. सूचना नसली तरी मॉडेलने तेच वळण गिरवलं. सहाव्या-सातव्या पानावर संवाद होते का?

मालवणी_वही: नाहीत! तिथे नुसतं पुराचं आणि होडीचं वर्णन आहे.

खिळेजुळारी: मग झालं. आठवं पान टाकलंत तेव्हा खिडकीत मालवणीचा मागमूस नव्हता. सूचना गेली होती आणि नमुनाही. विसरलं म्हणू नका, त्याला ती दाखवलीच गेली नाही.

दादरकर_जुने: माझंही असंच. फोनची मेमरी भरली की जुने फोटो गायब होतात. कॅशे साफ करा, होईल नीट.

चिमटा: काका, विषय वेगळा आहे. पण खिळेजुळारी, हा शब्दांचा खेळ झाला. कारकुनाने माझ्या अर्जाचं पहिलं पान फाडून साहेबापुढे ठेवलं, तर मी साहेब विसरले म्हणणार नाही, कबूल. पण पान फाडल्याचं कारकुनाने सांगायला नको? दोष आहेच, फक्त प्रोग्रामचा.

खिळेजुळारी: हे मात्र मान्य. काही प्रोग्राम हद्द संपली की चक्क एरर देऊन थांबतात. काही जुन्या मजकुराचा सारांश करून तो पुढे ठेवतात. गुपचूप कापणं सगळ्यात वाईट.

नवी_पालवी: एवढी डोकेफोड कशाला? जेमिनी 1.5 ने 2024 मध्येच दहा लाख टोकनची खिडकी आणली. मोठी खिडकी घ्या, प्रश्न मिटला.

खिळेजुळारी: तुमचा मजकूर कापला जाणार नाही, एवढं खरं. पण समोर असलेलं सगळं सारख्याच लक्षाने वाचलं जातं असं नाही. 2023 च्या एका अभ्यासात दिसलं की लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलं चांगलं हेरतात, मधलं निसटतं.

नवी_पालवी: ती जुनी मॉडेलं. आता फरक पडलाय.

खिळेजुळारी: पडलाय, पण मिटलाय असं मला माझ्या कामात तरी दिसत नाही.

मालवणी_वही: बरं, सूचना गेली हे मला कळावं कसं? ‘आठवतंय का’ विचारलं तर ‘हो’ म्हणालं.

खिळेजुळारी: हो-नाही विचारू नका, ते बेधडक हो म्हणतं. ‘माझा पहिला मेसेज शब्दशः लिही’ म्हणा आणि वर जाऊन ताडून बघा. आणि मालवणीचा नियम मेसेजमध्ये न लिहिता `system` च्या रकान्यात टाका. बरेच प्रोग्राम तो भाग कापत नाहीत, दर वेळी वर ठेवतात. नाहीतर दर दोन पानांनी नवं चॅट उघडून नियम पुन्हा चिकटवा.

मालवणी_वही: शब्दशः मागितला. त्याने सहाव्या पानाचा पहिला परिच्छेद दिला.

चिमटा: आणि तोही शुद्ध करून दिला असेल!