सेलचा शेवटचा मेल: टोमणा मारावा की नुसती वेळ सांगावी?

रेघोट्या: माझ्या ऑनलाइन रेखाटन कोर्सवरची ३०% सवलत आज रात्री संपतेय. शेवटच्या मेलचा मसुदा: ‘एवढी संधी देऊनही तुम्ही गप्पच? म्हणजे शिकायचं तुमच्या मनातच नाही.’ नवरा म्हणतो, हा टोमणा झाला. मला वाटतं, टोचल्याशिवाय कोणी हलत नाही. तुमचं मत?

रोखठोक: टोचाच. गोडगोड मेल वाचून लोक ‘बघू नंतर’ म्हणतात. नकाराच्या बटणावर ‘नको, मला प्रगती करायची नाही’ लिहा. माझ्या बहुतेक ऑर्डरी अशाच मेलनंतर येतात.

टपालवाला: त्या मुदतीमुळे येतात की टोमण्यामुळे, हे कसं ठरवलंत? अर्ध्या यादीला साधा मेल पाठवून पाहिलाय? ऑर्डरी दिसतात, पण चिडून ‘स्पॅम’ दाबणारे सांगून जात नाहीत. जीमेलने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना स्पॅम-तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. हजारात तीन जण रागावले की संपलं.

रेघोट्या, मी असं लिहीन. विषय: ‘रेखाटन कोर्स: ३०% सवलत आज रात्री ११:५९ पर्यंत’. मजकूर: ‘उद्यापासून कोर्स मूळ किमतीला मिळेल, बंद होणार नाही. पेन्सिल आणि कागद पुरे. रंगकाम यात नाही. ते शिकायचं असेल तर हा कोर्स घेऊ नका.’ शेवटच्या दिवशी माणूस बहुधा शंकेपाशी अडलेला असतो. ती फिटली की वेळच त्याला हलवते. वाचक परदेशातही असतील तर ११:५९ कुठले, तेही लिहा.

गडबडगुंडा: उलटं धावणारं घड्याळ टाका की! विषयच संपला.

टपालवाला: घाई दिसते, हे खरं. पण मेलमधलं घड्याळ म्हणजे चित्र असतं. काही ठिकाणी ते साठवून ठेवलं जातं आणि रात्री उघडणाऱ्याला दुपारचीच वेळ दिसते. मुदतीची वेळ मजकुरातही लिहिलेली हवीच.

सावलीतली: मी एक कोर्स घेतला, तरी संध्याकाळी ‘तुम्ही अजून घेतला नाही!’ असा मेल आला. पैसे बुडाले की काय म्हणून जीव टांगणीला. अशा वेळी परतावा मागता येतो का?

टपालवाला: परताव्याचा प्रश्न वेगळा, पण दाखला कामाचा आहे. यादी सकाळी गोठवली की दुपारी घेतलेले तिच्यातच राहतात. खरेदीदार मेल सुटण्याच्या क्षणी वगळले जायला हवेत.

रोखठोक: आणि उद्या ‘लोकाग्रहास्तव’ एक दिवस वाढवा.

टपालवाला: म्हणजे पुढच्या सेलला तुमच्या ‘शेवटचा दिवस’वर कोण विश्वास ठेवणार?

रेघोट्या: टोमण्याची ओळ काढली. रात्री आठला अजून एक मेल पाठवू का?

टपालवाला: या सेलच्या लिंकवर क्लिक करूनही न घेतलेल्यांनाच. ‘उघडला’च्या आकड्यावर जाऊ नका. मेलमधलं चित्र उतरलं की तो उघडला असं मोजलं जातं, आणि ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो.

सावलीतली: क्लिक केलं म्हणून दिवसात दोनदा? मला तोही पाठलागच वाटतो.

रोखठोक: मग विकायचं तरी कसं?