मदत हवी आहे: फोनवर ठरलेलं ईमेलमध्ये कसं लिहू?

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एका पार्टीशी फोनवर जॉबवर्कचं बोलणं झालं, मग मी व्हॉट्सअॅपवर टाकलं: 'साहेब, बोलल्याप्रमाणे 200 हाउसिंग पुढच्या आठवड्यात देतो, रेट मागचाच.' त्यांचा अंगठा आला, पण आता त्यांच्या पर्चेसला हेच ईमेलवर हवंय.

मसुदा असा केलाय: 'आज सकाळी फोनवर ठरल्यानुसार 200 नग, प्रत्येकी 85 रुपये, जीएसटी वेगळा. कास्टिंग तुम्ही पोचवणार. सगळं मिळाल्यापासून कामाच्या 6 दिवसांत आम्ही माल देणार. पेमेंट बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत. यात काही वेगळं असल्यास कळवावे.' 'पुढच्या आठवड्यात' मुद्दाम काढलं. कास्टिंगच उशिरा आलं तर उशीर आमच्या गळ्यात पडतो.

अडलंय एका ठिकाणी. मशिनिंग करताना कास्टिंगमध्ये ब्लोहोल म्हणजे आतली पोकळी निघाली तर त्या नगाची मजुरी मिळणार का, यावर फोनवर ते 'बघू' एवढंच म्हणाले. ते ठरलंय असं लिहिणं खोटं होईल, आणि गाळलं तर बिलाच्या वेळी वाद होणार. पार्टी जुनी आहे, त्यामुळे वकिली भाषा नको.

हा मुद्दा 'अजून ठरायचं आहे' म्हणून खाली वेगळा लिहू का? आणि काम सुरू होण्याआधी त्यांचं उत्तर येईल असं ते वाक्य नेमकं कसं लिहावं?