'छेद' नेमका कशाचा? (सीटी स्कॅनचं गणित)

मृण्मयी: सीटी स्कॅनच्या गणितावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात शरीराचा आडवा छेद येतो. मग त्या छेदाचं द्विमितीय फूरिये रूपांतर, म्हणजे ते चित्र कोणकोणत्या तरंगांचं बनलंय याचा नकाशा, आणि त्या रूपांतराच्या मध्यातून जाणारी रेषा. मूळ लेखात शरीरासाठी आणि रेषेसाठी एकाच अर्थाचे शब्द आहेत, म्हणून मीही दोन्हीकडे 'छेद' ठेवला. मैत्रिणीने वाचला, तर तिला वाटलं की एकेका दिशेने सोडलेल्या क्ष-किरणांची प्रत्येक सावली शरीराच्या चित्रातच एकेक रेघ भरते. दुसरा शब्द सुचवा ना.

शब्दवेडा: 'छेद' अपूर्णांकात आधीच गुंतलाय. 'काप' घ्या.

समीर: शब्द कुठलाही चालेल. किरण ज्या दिशेने गेले, त्या दिशेची रेषा रूपांतरात भरते, एवढं कळलं की झालं.

वैदेही: रेषा भरते हे खरं, पण किरणांना काटकोनात. किरण उभे सोडले, तर प्रत्येक उभ्या ओळीतल्या घनतेची बेरीज हाती येते. आता द्विमितीय रूपांतराची आडव्या अक्षावरची मूल्यं काढताना ज्या तरंगाने गुणायचं, तो उभ्या दिशेला बदलतच नाही. म्हणून उभी बेरीज आधी उरकली तरी उत्तर तेच, आणि ती बेरीज म्हणजेच सावली! उरतं ते तिचं एकमितीय रूपांतर. तिरप्या कोनांना वेगळी सिद्धता लागत नाही, कारण वस्तू फिरवली की रूपांतरही तेवढंच फिरतं.

आडव्या रेषेवर १० सेंमी अंतरावर दोन सारखे मणी ठेवा. उभ्या किरणांत दोन ठिपके दिसतात, त्यांच्या रूपांतरात दाट लाटा. किरण ६० अंशांनी वळवले की ठिपके ५ सेंमीवर येतात आणि लाट दुप्पट लांब होते. किरण आडवे केले की ठिपके एकावर एक, लाट नाहीशी. या रेषा आपापल्या कोनात मांडल्या की उभ्या पट्ट्यांचं एकच चित्र तयार होतं. तेच त्या दोन मण्यांचं द्विमितीय रूपांतर.

समीर: मग 'आरा' म्हणा! चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यातून निघतात.

वैदेही: आवडला. आरे बाहेर विरळ होतात, तेही त्यात येतं. मध्यात गर्दी आणि कडेला तुटवडा असतो, म्हणून सावल्या नुसत्या उलट पसरवल्या तर चित्र धूसर येतं. आधी बाहेरच्या वारंवारितांना वजन द्यावं लागतं.

शब्दवेडा: पण आरा तुंब्यापाशी संपतो, तुमची रेषा आरपार जाते. 'काप'च बरा.

माधुरी: माझं एमआरआय झालं तेव्हा यंत्र सारखं ठोकत होतं. ते याच सावल्या घेत होतं का?

वैदेही: नाही. हल्लीचं एमआरआय सहसा रूपांतरातलीच मूल्यं थेट मोजतं, सावलीचा टप्पा लागत नाही.

शब्दवेडा: मुळात 'सावली'लाच माझी हरकत आहे. सावलीत फक्त कडा दिसते, जाडी नाही. शिवाय किरण पदार्थातून जाताना पटीत क्षीण होतो, त्याचा लॉगॅरिदम घेतल्याशिवाय बेरीज मिळतच नाही. 'प्रक्षेप' हाच शब्द हवा.

समीर: 'प्रक्षेप' म्हटलं की मला पोथीत मागून घुसडलेल्या ओव्या आठवतात.

मृण्मयी: मला फक्त रेषेसाठी शब्द हवा होता!