अनुभव धागा : जेवायचं निमंत्रण नाकारणारा इंग्रजी निरोप मराठीत कसा कळवलात?

सोलापुरात बदलीवर आलेल्या एका परप्रांतीय बँक अधिकाऱ्याला त्याच्या सहकाऱ्याच्या आईनं शनिवारी रात्री सपत्नीक जेवायला बोलावलंय. नेमके त्याच रात्री त्याचे आईवडील गाडीनं येताहेत. काकूंना फक्त मराठी वाचता येतं, म्हणून त्यानं इंग्रजीत निरोप लिहून माझ्याकडे दिला. इंग्रजीत तो अगदी नीट आहे. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत असा होतो :

'प्रिय काकू, शनिवारच्या रात्रीच्या जेवणासाठी आम्हाला आमंत्रित केल्याबद्दल तुमचे खूप आभार. दुर्दैवाने, पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे आम्ही येऊ शकणार नाही. पुन्हा कधीतरी यायला नक्की आवडेल. तुमची संध्याकाळ छान जावो.'

हे काकूंना पाठवायला माझा हात धजत नाही. ही माणसं त्याला इथं पहिल्यांदाच जवळची मिळाली आहेत. असे निरोप तुम्ही मराठीत आणले असतील, किंवा तुम्हाला आले असतील, तर अनुभव लिहा.
— सातरस्ता

---

विजापूररोड : सगळ्यात आधी ते 'आभार' काढा. घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का ओ? आणि कारण अजिबात सांगू नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोड काढतो. 'गाडी दहाला आहे ना, मग आठला या की, जेवून जावा!' नुसतं 'जमत नाही' म्हणायचं आणि विषय संपवायचा.

कडकभाकरी : मी बोलावणाऱ्या बाजूची. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबाला पुरणपोळीला बोलावलं होतं. त्यांचा निरोप आला, 'प्रयत्न करतो, बघू कसं जमतंय.' आमच्याकडे 'बघू' म्हणजे येणार असंच धरतात. मी सकाळी डाळ शिजवली, कटाची आमटी केली, रात्री साडेनऊपर्यंत तवा तापवून बसले. फोन केला तर म्हणे, आम्ही कळवलं होतं की. त्यांच्या मनात ते 'नाही'च होतं, मला ते दिसलंच नाही. नाही आलात तर मला राग नाही, पण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्पष्ट कळवा. डाळ भिजायच्या आत.

शब्दशः_नाही : भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कडकभाकरी यांनी नेमकं दुखणं सांगितलं. इंग्रजी निरोपात नकार स्पष्ट असतो आणि भोवती सौजन्याची वाक्यं असतात. मराठीत आणताना आपल्याला नकार कठोर वाटायला लागतो, मग आपण तोच मऊ करतो. त्यात घोटाळा असा, की आपल्याकडे पहिला नकार संकोचाचा धरतात आणि त्यावर आग्रह करायची रीत आहे. मऊ नकार आग्रहाला आमंत्रण देतो. म्हणून 'नाही' पहिल्या दोन ओळींतच यावं आणि माया इतर वाक्यांत घालावी.

'आम्ही येऊ शकणार नाही' यात व्याकरणाची चूक नाही, पण ते कार्यालयाच्या पत्रातलं वाटतं. 'आम्ही येणार नाही' म्हटलं तर आम्हालाच यायचं नाही असं ऐकू येतं. बोलताना आपण 'यायला जमणार नाही' म्हणतो. त्यात अडचण परिस्थितीची राहते, माणसाच्या इच्छेची नाही. नकार मात्र पक्का असतो.

'दुर्दैवाने' काढाच. निरोपात हा शब्द दिसला की वाचणारा पुढं वाईट बातमीच शोधतो. इंग्रजीत तो सहज वापरतात, आपल्याकडे तो जड आहे.

विजापूररोड यांचं कारणाबद्दलचं मत मला अर्धं पटतं. इंग्रजीत 'आधी ठरलेला कार्यक्रम आहे' एवढं पुरतं, त्यापुढं विचारणं उलट अशिष्ट समजतात. मराठीत तेच वाक्य 'तुम्हाला सांगण्यासारखं नाही' असं वाचलं जातं. कारण खरं आणि घरातलं असेल तर ते सांगण्यातच जवळीक दिसते. आईवडील येताहेत म्हटल्यावर कुठल्या काकू रागावतील?

पूर्वभाग : आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी बाहेरची. आभार मानण्याचं आमच्यातही तसंच, घरोब्यात नाही चालत. मी असला निरोप लिहीतच नाही, आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. लिहिलेलं कोरडं वाटतं, आवाजात लाज पण कळते आणि जीव पण कळतो.

सातरस्ता : पण त्याला मराठी बोलता येत नाही ना. माझा आवाज गेला तर निरोप त्याचा राहणार नाही.

हुरडावाला : माझा पण हाच प्रॉब्लेम! वाढणारी बाई ऐकतच नाही. 'नको नको' म्हटलं तरी पोळी पडतेच. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, आणि शेवटी थोडा भात मागून घेतो. भात मागितला की जेवण आटोपत आलं हे त्यांना समजतं, मग पोळी थांबते.

कडकभाकरी : दादा, इथं ताटावर बसायच्या आधीचा प्रश्न चाललाय. पण भाताची युक्ती खरी आहे.

मंगळवारपेठ : माझं कारण घरात सांगण्यासारखं नव्हतं. दवाखान्याचं होतं, सगळ्यांना कळायला नको होतं. मैत्रिणीला मी लिहिलं, 'घरचं एक काम निघालंय, भेटल्यावर सांगते.' तिनं काही विचारलं नाही. पुढं भेटल्यावर मीही सांगितलं नाही, आणि ते मात्र तिला लागलं. अजून ती अधूनमधून बोलून दाखवते. काय लिहायला हवं होतं, मला अजून कळत नाही.

शब्दशः_नाही : 'भेटल्यावर सांगते' हे वचन होतं, ते नसतं दिलं तरी चाललं असतं असं मला वाटतं. पण अशा वेळी नक्की काय लिहावं याचं ठाम उत्तर माझ्याकडेही नाही.

मूळ निरोपाकडे येते. 'पुन्हा कधीतरी' याला इंग्रजीत 'रेन चेक' म्हणतात. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसानं बुडाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याचा हक्क मिळायचा, तिथून तो शब्दप्रयोग आला. मराठीत 'पुन्हा कधीतरी' म्हणजे बहुतेक वेळा कधीच नाही. तिथं वार ठरवून सांगावा, आणि जमलं तर आपणच उलटं बोलवावं. मी असं लिहीन :

'काकू, शनिवारी तुमच्याकडे जेवायला यायचं फार मनात होतं, पण यायला जमणार नाही. त्याच रात्रीच्या गाडीनं माझे आईबाबा येताहेत, त्यांना घ्यायला आम्ही दोघं स्टेशनवर जाणार आहोत. आमच्यासाठी काही करून ठेवू नका आणि रागावू नका. पुढच्या रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला या, आईला तुम्हाला भेटायचंय. तुमच्या हातची मसाला वांगी आमची राहिली, ती खायला आम्ही नक्की येणार.'

'आमच्यासाठी काही करून ठेवू नका' हे वाक्य इंग्रजीत नाही. ते मुद्दाम घातलंय, त्यानं आग्रहाचं दार बंद होतं. वांग्यांचं वाक्य त्याला विचारून ठेवा. काकूंनी तो बेत सांगितलाच नसेल तर ते खोटं पडेल.

सातरस्ता : बेत शेंगाच्या पोळीचा सांगितलाय, तसं बदलते. रविवारचं त्याला विचारलं, त्याची तयारी आहे. 'आभार' पूर्ण काढून टाकू का? त्याला ते उद्धट वाटतंय.

शब्दशः_नाही : पहिलंच बोलावणं आहे, तेव्हा 'तुम्ही आठवणीनं बोलावलंत, खूप बरं वाटलं' हे सुरुवातीला घाला. त्याचं मन राखलं जाईल आणि काकूंनाही ते औपचारिक वाटणार नाही.

विजापूररोड : हे चांगलंय. पण रविवारी उलटं बोलावलं की काकू म्हणणार, आधी आमच्याकडे, मग तुमच्याकडे. मान पहिल्या बोलावण्याचा असतो. मी तरी उलटं बोलावणं नंतर, भेटीत देईन.

कडकभाकरी : मला कुणी असं बोलावलं तर आवडेल. पण माझ्या सासूबाईंना नसतं आवडलं, हे पण खरं.

पूर्वभाग : तो निरोप शुक्रवारी दुपारच्या आत पाठवा मात्र. पोळीसाठी शेंगा भाजून कुटायला घेतल्या की मग उपयोग नाही.