वयात बरंच अंतर असलेली जोडपी: काय जमतं, काय अडतं?

सांजवेळ: एक लग्नपत्रिका आली आणि जुनी चर्चा आठवली, म्हणून धागा काढतेय. 'मनं जुळली की झालं' इथे सगळे थांबतात. ओढाताण होते ती टप्पे एकदम येत नाहीत म्हणून. एका कागदावर तीन रकाने करा: त्याचं वय, तिचं वय, मुलाचं वय. समजा तो ४६, ती ३२, मूल पुढच्या वर्षी. त्याच्या साठीला ती ४६ आणि मूल १३ चं. म्हणजे शिक्षणाचा मोठा खर्च त्याचा पगार बंद झाल्यावर. हा कागद लग्नाआधीच भरावा. तुम्ही काय पाहिलंय, लिहा.

खटाटोप: आम्ही पाच वर्षांचं ठेवलं. मोठीचे कपडे धाकट्याला पुरले नाहीत, पुस्तकं मात्र चालली.

सांजवेळ: अहो, नवराबायकोतलं अंतर 😄

खटाटोप: अरेच्चा. भाजी फोडणीला टाकून वाचत होते. चालू द्या.

जमाखर्च: त्याच कागदावर पुढे जा. समवयस्क जोडपं साठीला निवृत्त झालं तर नव्वदीपर्यंत ३० वर्षांची सोय लागते. इथे त्याच्या साठीपासून तिच्या नव्वदीपर्यंत ४४ वर्षं होतात. लोक त्याच्या वयावरून हिशेब करतात आणि फसतात. दुसरी चूक म्हणजे तो घरी बसला की 'आता दोघं फिरू' म्हणून तीही नोकरी सोडते. तिचे १४ वर्षांचे पगार गेले आणि शिल्लक तेवढीच लवकर वापरात आली. त्यापेक्षा तिची रजा वाढवून घ्यावी किंवा कामाचे तास कमी करावेत. निवृत्तिवेतनात पर्याय असेल तर दोघांपैकी मागे राहणाऱ्यालाही मिळत राहील असा घ्या. दरमहा रक्कम कमी येते, आणि जोडीदार जितका तरुण तितकी आणखी कमी. तो आकडा बघून बरेच जण एकट्याच्या नावावरचं घेतात. नंतर बहुधा बदलता येत नाही.

पायवाट: पैशाचं ठीक, दमाचं काय? २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते. साठीला १६०, सेहेचाळीसला १७४. त्यामुळे अशा जोडप्याने एकत्र व्यायाम करूच नये.

नाडीपरीक्षा: पायवाट, वजाबाकी बरोबर, निष्कर्ष चूक. तो आकडा सरासरी आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, मग सूत्र निरुपयोगी. चालताना सलग वाक्य बोलता येतंय का ते बघा. मोठ्याला तुटक बोलावं लागलं की वेग कमी करा. धाकट्याला कमी पडत असेल तर त्याने नंतर वेगळं पळून यावं. खरी तफावत दुसऱ्या दिवशी कळते, कारण वयाबरोबर थकवा भरून यायला जास्त वेळ लागतो. सलग दोन दिवस दगदग ठरवू नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.
झोपेचंही तसंच. वय वाढतं तशी झोप लवकर येते आणि जागही लवकर येते. एक साडेनऊला आडवा, दुसरी बाराला. रात्री गप्पांचा हट्ट धरला की रोज भांडण. महत्त्वाचं बोलणं संध्याकाळी उरकावं.

चिमणचारा: आमच्यात उलटं आहे. मी ३८, तो २८. सासरचे फक्त मुलाचं विचारतात. बाकी काही नाहीच का आमच्यात?

नाडीपरीक्षा: ताई, त्यांना उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मूल हवं असेल तर मात्र त्याच्या वयाकडे बघून थांबू नका. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, वर्षभर वाट पाहू नये. दोघांचीही तपासणी. आणि सासरच्यांशी त्याने बोलावं, तुम्ही नाही.

चिमणचारा: तो म्हणतो तूच बोल, तुझं ऐकतात 🙄

उंबरठा: घरच्यांच्या विरोधात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. 'लोक काय म्हणतील' त्यावर वाद घालून उपयोग नाही, ते काळानेच निवतं. 'पन्नाशीत आमची मुलगी आजारपण काढत बसेल' ही भीती मात्र रास्त आहे. बायका सरासरीने पुरुषांपेक्षा काही वर्षं जास्त जगतात, त्यात अंतराची भर. यावर प्रेमाची ग्वाही देऊ नये. घर कोणाच्या नावावर, विमा किती, सेवेला माणूस ठेवायचे पैसे कुठून, हे सांगावं. आणि मोठ्या जोडीदाराला आधीच्या लग्नाची मोठी मुलं असतील तर त्यांना सर्वांत आधी, एकेकट्याला सांगावं.

जमाखर्च: एकेकट्याला नको. पहिला दुसऱ्याला फोन करतो आणि गोष्ट तिखटमीठ लावून पोचते. एकत्र बसवून सांगा, मृत्युपत्राचं त्याच बैठकीत.

उंबरठा: मृत्युपत्र पहिल्याच बैठकीत? मग लग्नाचं कोणी ऐकणारच नाही. महिनाभराने.

खटाटोप: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं का हो? सासऱ्यांनी वहीत लिहून ठेवलंय.

जमाखर्च: त्याचा वेगळा धागा काढा, बरंच आहे लिहिण्यासारखं. साक्षीदारांच्या सह्या आहेत का तेवढं आज बघून ठेवा.