क्रिप्टो विकलं, पण नाव जुळलं नाही म्हणून पैसे बँकेतून परत गेले: तुमचे अनुभव लिहा

पाऊलखुणा

गेल्या महिन्यात मी २,४०० यूएसडीटी विकले आणि पैसे बँकेत काढायची विनंती टाकली. तासाभरात एक्सचेंजवर ‘पूर्ण’ असं दिसलं. बँकेत मात्र काहीच नाही. तीन दिवस दोघांकडे हेलपाटे घातले. एक्सचेंज म्हणे पाठवले, बँक म्हणे तुमच्या खात्यात काही आलेलं नाही. दोघंही खरं सांगत होते, हे पुढे कळलं. पैसे बँकेपर्यंत पोचले होते आणि नाव जुळत नाही म्हणून खात्यात न पडताच परत गेले होते.

एक्सचेंजवर माझं ओळखपत्र लग्नानंतरच्या नावाचं आहे. बँकेतलं खातं कॉलेजात असताना उघडलेलं, माहेरच्या आडनावाचं. त्या पैशांतून घराचा हप्ता जायचा होता, त्यामुळे ते दिवस फार वाईट गेले.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पैसे कुठे अडकले, कसे सापडले, परत किती आले?

गारवा

ताई, मला वाटतं कारण दुसरंच असेल. बँक फक्त खाते क्रमांक बघते, नाव कोणी वाचत नाही. माझ्या बँकेतल्या नावात वडिलांचं नाव आहे, एक्सचेंजवर नाही. तरी चार वेळा पैसे बिनबोभाट आले.

जमाखर्च

बँकेच्या पेमेंट विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गारवा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणी रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते आणि नाव नुसतं सोबत येतं. पण सगळीकडे तसं नाही. ब्रिटनमध्ये २०२० पासून मोठ्या बँका पैसे पाठवण्याआधीच नाव ताडून बघतात. युरो चलनाच्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ते बंधनकारक आहे. शिवाय पाठवणारी कंपनी क्रिप्टोशी संबंधित असेल, तर एरवी डोळ्यांआड होणारा फरकही बँकेतला माणूस थांबून बघतो. वडिलांचं नाव गाळलेलं असेल तर बहुधा चालून जातं, कारण पहिलं नाव आणि आडनाव जुळतं. आडनावच वेगळं असलं की तो दुसरा माणूस ठरतो. तुमचे चार वेळा आले, याचा अर्थ पाचव्यांदा येतीलच असा नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एक्सचेंजवर बँक खातं जोडताना आपण खातेदाराचं नाव टाइप करतो. पण पैसे निघतात तेव्हा सोबत जाणारं नाव बहुतेक ठिकाणी ओळखपत्रावरून उचललेलं असतं. म्हणून तिथे बँकेतलं स्पेलिंग घालून उपयोग होत नाही. खातं ‘जोडलं गेलं’ असं दिसलं म्हणजे बँकेनं नाव मान्य केलं, असंही धरू नका.

पाऊलखुणा, एक्सचेंजनं तुम्हाला कोणता क्रमांक दिला होता?

पाऊलखुणा

तिथेच माझे तीन दिवस गेले, दादा. मदत विभागानं पहिल्यांदा दिला तो ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचा हॅश. मी तो कागदावर उतरवून बँकेत नेला. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, हा आमच्याकडचा नाही. बरोबरच होतं त्यांचं, कारण तो हॅश मी एक्सचेंजला नाणी पाठवली त्याचा होता. बँकेच्या पैशांशी त्याचा काही संबंध नाही.

मग मी एक्सचेंजला नेमकं लिहिलं: पैसे पाठवणाऱ्या बँकेचा पेमेंट संदर्भ क्रमांक, पाठवल्याची तारीख, रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव द्या. उत्तर आलं तेव्हा कळलं की पाठवणारं नाव एक्सचेंजचं नव्हतंच, मधल्या पेमेंट कंपनीचं होतं. म्हणून एक्सचेंजच्या नावानं शोधून बँकेला काही सापडत नव्हतं. नव्या क्रमांकावर दहा मिनिटांत सापडलं. त्याच दिवशी परत, कारणाच्या रकान्यात `BE01`.

जमाखर्च

`BE01` म्हणजे खाते क्रमांक आहे, पण दिलेली ओळख त्या खात्याशी जुळत नाही. `AC01` असतं तर क्रमांकच चुकीचा, `AC04` असतं तर खातं बंद. ही खूण मागून घ्याच, कारण तिच्यावरून दुरुस्ती कुठे करायची ते ठरतं. सगळ्या देशांत हेच कोड नसतात आणि काही बँका सरसकट ‘इतर कारण’ लिहून मोकळ्या होतात. तेव्हा पेमेंट विभागाकडून लेखी मागावं.

परत गेलेले पैसे आधी मधल्या कंपनीच्या खात्यात पडतात. एक्सचेंजच्या पडद्यावर तोवर ‘पूर्ण’च राहतं, कारण त्यांच्या बाजूनं ते निघालेले असतात. परत आलेली रक्कम कोणाची हे कोणीतरी जुळवावं लागतं, आणि बहुतेक दिवस तिथेच जातात. म्हणून संदर्भ क्रमांक आणि कारण दोन्ही एकाच तक्रारीत लिहा, रोज नवी तक्रार उघडू नका.

रानवाट

माझंही असंच झालं होतं. मी थेट माणसाला यूएसडीटी विकले. त्याच्या नावाऐवजी भलत्याच कोणाच्या तरी खात्यातून पैसे आले आणि नंतर माझं खातं गोठवलं. अजून सुटलेलं नाही.

जमाखर्च

रानवाट, तुमची अडचण गंभीर आहे, पण उलट बाजूची आहे. तिथे पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं. असे पैसे आले तर नाणी सोडायची नसतात, लगेच वाद नोंदवायचा असतो. खातं गोठलेलं असताना काय करायचं यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचं म्हणणं हरवेल.

ओलीमाती

परत आले म्हणजे विक्री रद्द झाली का? माझे पैसे अडकले त्या आठवड्यात भाव वाढला. मला वाटलं नाणी परत मिळतील.

पाऊलखुणा

नाही मिळत. मीही हाच प्रश्न विचारला होता. विक्री झाली त्या क्षणी नाणी गेली. परत येते ती चलनातली रक्कम, तीही मधल्या शुल्काइतकी कमी. कराच्या हिशेबातही विक्रीची तारीख पहिलीच धरावी लागेल, असं माझ्या सल्लागारानं सांगितलं. माझी रक्कम नवव्या दिवशी एक्सचेंजवर दिसली.

त्या आठवड्यात मला एक संदेश आला, ‘अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी आधी पडताळणी शुल्क भरा’. मी एक्सचेंजच्या जाहीर चर्चेत माझी तक्रार लिहिली होती, तिथूनच त्यांनी मला गाठलं असणार. शुल्क कापायचं असेल तर ते परत येणाऱ्या रकमेतून कापतात, आपल्याकडून आधी मागत नाहीत. घाबरलेल्या अवस्थेत मी भरायच्या बेतात होते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

नंतर विवाहाचा दाखला देऊन बँकेतलं नाव बदललं. बँकेच्या ॲपमध्ये नवं नाव दिसेपर्यंत थांबले, मग आधी २० यूएसडीटीइतकीच रक्कम काढली. ती आल्यावर बाकीची.

सांजवेळ

माझं खातं नवऱ्याबरोबर संयुक्त आहे, त्यांचं नाव पहिलं. एक्सचेंजवर मी एकटी. दोनदा पैसे परत आले. मैत्रिणीचं तसंच खातं, वेगळी बँक, तिचे येतात.

जमाखर्च

काही बँका दोन्ही नावं तपासतात, काही पहिलंच. काही एक्सचेंज संयुक्त खातं मुळात घेत नाहीत. तुमच्या बाबतीत कोण अडवतंय ते परतीच्या कारणाशिवाय सांगता येणार नाही.

सांजवेळ

कारण विचारलंच नव्हतं मी. उद्या दोन्ही परतींचे संदर्भ क्रमांक मागते. तोवर फक्त माझ्या नावाचं खातं उघडायला टाकलं आहे, ओळखपत्रावर आहे त्याच क्रमानं नाव लिहून.