वाढ मंदावल्यावर लाभांश किती धरायचा?

मकरंद: ईपीएस, म्हणजे दर शेअरमागचा नफा, ५० रुपये, त्यातले १० लाभांश म्हणून वाटले जातात. पहिली ५ वर्षं २०% वाढ, पुढे कायम ६%. मला १२% परतावा हवा. पुढचे सगळे लाभांश आजच्या मोलात आणून बेरीज करायच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीने माझी किंमत ३११ रुपये आली, मित्राची ८१०. आकडे तेच घेतले, मग चुकलं कोणाचं?

नाना ठाणेकर: मित्राने पुढची वाढ फुगवली असणार, दुसरं काय! तुमच्या ३११ पैकी जवळजवळ २५० रुपये पाचव्या वर्षानंतरचे आहेत. ६ च्या जागी ८% टाका, लगेच ४४३ होतात. हवी ती किंमत काढून घ्यायची सोय आहे ही.

सुलेखा: नाना, शेवटच्या टप्प्यावर सगळं झुकतं हे खरं, पण इथली मेख वेगळी आहे.

मकरंद, तुमची आकडेमोड बरोबर आहे. सहाव्या वर्षाचा लाभांश २६.३८, भागिले ०.०६ (१२% परतावा वजा ६% वाढ), म्हणजे पाचव्या वर्षाअखेरची किंमत ४४०. ती १२% दराने ५ वर्षांनीच मागे, आजच्या मोलात आणलीत हेही बरं केलंत. बरेच जण तिथे ६ वर्षं धरतात आणि २७ रुपये हकनाक गमावतात.

आता वाटपाकडे बघा. आज कंपनी नफ्यातले २०% वाटते, ८०% ठेवते आणि २०% ने वाढते. म्हणजे ठेवलेल्या पैशावर ती २५% कमावते. पुढे वाढ ६% वर येते, तरी तुमच्या गणितात ती ८०% पैसा ठेवूनच घेते. मग त्या पैशावर कमाई किती? ६ भागिले ०.८, म्हणजे ७.५%. तुम्ही मागता १२ आणि कंपनी तुमचेच पैसे अडकवून साडेसात मिळवते, तेही कायम. हे तुम्ही ठरवून धरलं नव्हतं, पण गणितात ते शिरलं.

मित्राने बहुधा १५% कमाई धरली. तेवढ्यावर ६% वाढायला ४०% नफा ठेवला की भागतं, ६०% वाटता येतो. सहाव्या वर्षी ईपीएस १३२, लाभांश ७९. त्यातून आजचे ७४८ येतात, वर पहिल्या पाच वर्षांचे ६२.

वैशाली: आमच्या बाबांकडे सहकारी बँकेचे शेअर आहेत, दरवर्षी १०% लाभांश येतो. त्यांची किंमतही अशीच काढायची का?

सुलेखा: नाही हो. ते बँकेला परत केले की दर्शनी किमतीचेच पैसे मिळतात. बँक वाढल्याचा फायदा किमतीत येतच नाही, त्यामुळे तिथे हे गणित लागू नाही.

नाना ठाणेकर: कागदावर ठीक आहे. पण सहाव्या वर्षी प्रवर्तक एकदम २० वरून ६०% वाटायला लागेल, असं बघितलंय कोणी? रोकड साठवतील, नाहीतर जावया-मेव्हण्याच्या धंद्यात घालतील. मला ३११ च खरी वाटते. ती माझ्या हातात काय पडणार ते सांगते.

सुलेखा: रोकड साठवणाऱ्या कंपनीला ३११ च द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त ‘व्यवस्थापन पैसा वाया घालवेल’ हे डोळे उघडे ठेवून धरा. पण सगळेच तसे नसतात. इन्फोसिसने २०१७ मध्ये मोकळ्या रोख प्रवाहाच्या, म्हणजे खर्च-गुंतवणूक भागवून उरलेल्या रोकडीच्या, ७०% पर्यंत भागधारकांना द्यायचं धोरण ठरवलं आणि २०१९ मध्ये ते पाच वर्षांत मिळून सुमारे ८५% वर नेलं. त्यात बायबॅक, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, तेही आलं. नुसता लाभांश मोजलात तर तिथेही किंमत कमीच दिसेल.

जयंत: पण १५% तरी कायमची कशी? स्पर्धक काय झोपलेत? मी पुढची कमाई १२ च धरतो. मग वाटप ५०%, किंमत ६८५. गंमत म्हणजे नानांचे ८% टाकले तरी ६९७ च होते, कारण जास्त वाढायला जास्त पैसा ठेवावा लागतो. त्यांचे ४४३ वाटप न हलवता आलेत, म्हणजे वाढ फुकटात मिळाल्यासारखी.

मकरंद: म्हणजे ३११, ६८५ की ८१०? मला शेअर घ्यायचाय.

सुलेखा: तीनपैकी कुठलीही ‘बरोबर’ नाही, प्रश्न वाटपाचा आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या १००० कंपन्यांना लाभांश वाटपाचं धोरण जाहीर करावं लागतं. ते वाचा, आणि गेल्या काही वर्षांत रोकड किती साठली ते ताळेबंदात बघा.

मकरंद: वाचलं. ‘संचालक मंडळ परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घेईल’ एवढंच आहे. रोकड मात्र दरवर्षी वाढतेय.

नाना ठाणेकर: मग? ३११!

जयंत: एवढ्यावरून नाही. नवा कारखाना उभा करायचा असेल तर रोकड साठणारच. निदान निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी बोलतं त्या कॉनकॉलमध्ये काय विचारलं गेलं ते तरी बघा.